चार्ज देताना : खाती कोणती आणि किल्ल्या कोणाकडे

(संस्थेच्या सभेत निवृत्त होणाऱ्या कार्यालयीन लिपिकांनी केलेले भाषण)



येत्या ३० जून रोजी मी संस्थेच्या लिपिक पदावरून निवृत्त होत आहे. निरोपाच्या प्रसंगी आठवणी सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु सरचिटणीस साहेब मला म्हणाले, "आठवणी पुढे केव्हाही ऐकू, आज सभासदांना तुमची चार्ज यादी समजावून सांगा." ही सूचना मला पटली. संस्थेचा पैसा हा सभासदांच्या वर्गणीचा पैसा आहे. तो कोणकोणत्या खात्यांत आहे आणि त्या खात्यांची किल्ली माझ्या हातून नव्या लिपिक भगिनींच्या हाती कशी जाणार आहे, हे जाणून घेण्याचा आपणां सर्वांना अधिकार आहे.

पूर्वी चार्ज देणे सोपे होते. कपाटाच्या किल्ल्या, कीर्द-खतावणी, पावतीपुस्तके, धनादेश पुस्तिका आणि संस्थेचा शिक्का टेबलावर मांडायचा, मोजून द्यायचा, सही घ्यायची की झाले. आता यातील निम्म्याहून अधिक वस्तू डोळ्यांना दिसतच नाहीत. आयकराचे खाते कपाटात नसते. त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि पासवर्डच्याही वरची किल्ली म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी. माझ्या जागी येणाऱ्या भगिनी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "काका, सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून द्या, मी जपून ठेवीन." मी म्हणालो, "ताई, तो कागद मी देणार नाही, आणि कोणी दिला तर तुम्ही घेऊही नका." त्यांना प्रथम थोडे वाईट वाटले. मी असे का म्हणालो, तेच आज सांगतो.

माझी चार्ज यादी नोंदवहीच्या एका पानावर मावते. तिच्यात पाच रकाने आहेत. खाते कशाचे, ते कोणाच्या नावावर, ते चालविण्याचा अधिकार कोणाला, ओटीपी कोणत्या क्रमांकावर येतो, आणि अधिकार बदलायचा असेल तर कोणता कागद लागतो. पासवर्डचा रकाना नाही. पासवर्ड उद्या बदलेल, मग यादी खोटी ठरेल. शिवाय अशी वही कोणाच्याही हाती पडू शकते. या पाच गोष्टी ठाऊक असतील, तर पासवर्ड हरवला तरी खाते हरवत नाही. त्या ठाऊक नसतील, तर पासवर्ड पाठ असूनही खाते हातचे जाते.

यादीत एकूण अकरा नोंदी आहेत. दोन बचत खाती, एक सर्वसाधारण आणि दुसरे विद्यार्थी साहाय्य निधीचे. तीन मुदतठेवी. कार्यालयाचा मोबाईल क्रमांक. कार्यालयाचा ईमेल. आयकर खात्याच्या पोर्टलवरील खाते, धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरील खाते आणि स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवरील नोंद. शेवटी सभागृहाच्या वीज मीटरची ग्राहक नोंद.

आता कोणी विचारील की, अकराच कशावरून, बारावे खाते राहून गेले नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. लिपिकाच्या स्मरणावर विसंबून यादी करू नये. मी ती तीन ठिकाणी ताडून पाहिली. पहिले ठिकाण गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद. त्यात गुंतवणुकीच्या बाजूला जितक्या ठेवी आहेत, तितक्या पावत्या कपाटात हव्यात. दुसरे ठिकाण बँकेचे पासबुक. त्यात व्याज जमा झाल्याची जी नोंद दिसेल, तिच्यामागे ठेव हवी. तिसरे ठिकाण आयकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरण. आपल्या पॅन क्रमांकावर कोणत्या बँकेने किती व्याज दिल्याचे कळविले, ते तेथे दिसते. एखादी जुनी ठेव सगळे विसरले असले, तरी व्याज कळविणारी बँक ती विसरत नाही. या तिन्ही ठिकाणांचे आकडे जुळले, तेव्हाच मी यादीखाली रेघ ओढली.

विसरलेल्या ठेवीची किंमत काय असते, तेही ऐका. मुदत संपली, ठेव आपोआप नूतनीकरणाला लावलेली नसेल आणि कोणी विचारायलाही गेले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पुढील काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. आणि दहा वर्षे कोणीच दावा केला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. ती परत मिळते, पण त्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून मुदतठेवींच्या नोंदीपुढे मी मुदतपूर्तीची तारीख लाल शाईने लिहिली आहे.

आता किल्ल्यांकडे येऊ. किल्ल्या कोणत्या क्रमाने द्यायच्या, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. बँक मोठी गोष्ट, म्हणून लोक प्रथम बँकेत धावतात. परंतु बँकेपासून वीज मंडळापर्यंत सर्वांचे ओटीपी ज्या एका ठिकाणी येतात, तो मोबाईल क्रमांक आधी ताब्यात हवा. त्यानंतर ईमेल. नंतर पोर्टले. बँकेचे कागद तोवर बाजूने चालू ठेवावेत.

एका परिचित संस्थेत काय घडले ते सांगतो. नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. तेथील आयकराच्या खात्याला पूर्वीच्या कारकुनाचा खाजगी मोबाईल क्रमांक जोडलेला होता. तो गृहस्थ नोकरी सोडून गावी गेला, क्रमांक बंद पडला. प्रीपेड सिम सलग तीन महिने वापरात नसेल आणि त्यात पुरेशी शिल्लकही नसेल, तर कंपनी ते बंद करू शकते आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. तेथे तसेच झाले. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीला मोजके दिवस उरले असताना संस्थेचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागले. तो माणूस भला होता, एवढेच नशीब. अध्यक्षांची डिजिटल स्वाक्षरी चालू होती, म्हणून तिच्या आधारे पासवर्ड नव्याने लावता आला आणि विवरणपत्र वेळेत गेले. ती स्वाक्षरीही मुदतबाह्य असती, तर आधी तीच नवी काढावी लागली असती.

आपल्या कार्यालयाचे सिम आजवर पूर्वीच्या सरचिटणीसांच्या नावावर होते, कारण ते घेतले तेव्हा तेच पदावर होते. दूरध्वनी कंपनीच्या दुकानात दोघांची ओळखपत्रे देऊन ते एप्रिलमध्येच विद्यमान सरचिटणीसांच्या नावावर करून घेतले आहे. येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. हा नियम २०२२ पासून आहे. म्हणून कोणत्याही भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सिमला हात लावू नये. फोन साधा, बटणांचा आहे. तो टेबलाच्या वरच्या खणात राहतो, घरी जात नाही. त्याच्या रिचार्जची तारीख आता किर्दीत लिहिली जाते, म्हणजे खर्चाची नोंद होते आणि पुढच्या रिचार्जची आठवणही राहते.

ईमेलचे खाते उघडले तेव्हा कार्यालयाकडे फोनच नव्हता, म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने त्याला माझा क्रमांक जोडलेला होता. पासवर्ड बदलला तरी हा जुना क्रमांक तसाच राहतो, आणि त्याच्या आधारे मी उद्या घरी बसून खाते पुन्हा उघडू शकलो असतो. माझ्यावर आपला विश्वास आहे, हे मी जाणतो. पण माझा फोन चोरीला गेला तर चोरावरही विश्वास ठेवावा लागेल! म्हणून क्रमांक काढून तेथे कार्यालयाचा लावला. असा बदल केल्यावरही जुन्या क्रमांकावर सुमारे आठवडाभर पडताळणीचा मार्ग खुला राहू शकतो. त्यामुळे हे काम मी जूनच्या पहिल्याच आठवड्यात उरकले. त्याच बैठकीत, पूर्वी ज्या ज्या संगणकांवर हे खाते उघडे राहिले होते, तेथून ते बंद केले. त्यात एक संगणक माझ्या मुलाचा निघाला.

याच ईमेलला दहा राखीव आकड्यांचा एक संच मिळतो. फोन हरवला तर त्यातील एक आकडा एकदा वापरून आत जाता येते. तो संच छापून लिफाफ्यात घातला आहे. जोडावर अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सह्या आहेत, आणि लिफाफा तिजोरीत आहे. तो फोडला तर कारण इतिवृत्तात लिहायचे आणि नवा संच काढून नवा लिफाफा करायचा. नवा संच काढताच जुना आपोआप निकामी होतो.

फोन आणि ईमेल हाती आल्यावर पोर्टले फारसा त्रास देत नाहीत. आयकराच्या खात्याची ओळख म्हणजे संस्थेचा पॅन क्रमांक, तो बदलत नाही. तेथील संपर्क म्हणून कार्यालयाचा मोबाईल व ईमेल आहे, आणि अधिकृत सही करणारे म्हणून अध्यक्ष आहेत. लिपिक बदलला म्हणून तेथे काही बदलण्याची गरज नाही. अध्यक्ष बदलले तर आहे. दर्पण आणि धर्मादाय कार्यालयाच्या खात्यांचेही तसेच. येथे एक गैरसमज दूर करतो. काही सभासदांनी मला विचारले की, लिपिक बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागेल काय? नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नोंदवहीत लिहिलेल्या गोष्टींत, म्हणजे उदाहरणार्थ विश्वस्तांत बदल झाला, तर तो ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो. लिपिक हा नोकर आहे, विश्वस्त नव्हे.

आता डिजिटल स्वाक्षरी. ती अध्यक्षांच्या नावाची आहे आणि यूएसबीच्या छोट्या दांडीत असते. अनेक कार्यालयांत ती दांडी कारकुनाच्या खणात पडलेली असते, पिन क्रमांक तिच्यावरच चिकटविलेला असतो, आणि कारकून साहेबांच्या नावाने सही करून मोकळा होतो. सोयीचे वाटते, पण कायद्याने तिच्या किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी तिच्या धन्यावर आहे. कोणी तिच्याने भलतेच कागद सही केले, तर उत्तर अध्यक्षांना द्यावे लागेल. म्हणून माझ्या अकरा नोंदींत ती नाही. ती माझी नव्हतीच, तर मी ती देणार कशी? यादीखाली एक टीप तेवढी आहे : स्वाक्षरी अध्यक्षांकडे, तिची मुदत अमुक तारखेपर्यंत, मुदतीच्या महिनाभर आधी आठवण करावी. अध्यक्ष बदलले की नव्या अध्यक्षांच्या नावाने नवी स्वाक्षरी काढायची. जुनी पुढे चालवायची नाही.

बँकेतील नेटबँकिंगचेही तेच तत्त्व आहे. आपल्या खात्यावर लिपिकाने रक्कम भरून ठेवायची आणि खजिनदारांनी ती तपासून मंजूर करायची, अशी दोन हातांची व्यवस्था आहे. माझ्या नावाची जी वापरकर्ता ओळख बँकेने दिली आहे, ती ३० जूनच्या सायंकाळी बंद होईल आणि ताईंना त्यांच्या नावाची नवी मिळेल. ताईंनी मला विचारले, "तुमचीच चालू ठेवली तर काय बिघडले? बँकेचा एक अर्ज वाचेल." मी त्यांना म्हटले, "समजा १२ जुलैला कोणा दुकानदाराला चुकून दुप्पट रक्कम गेली. बँकेच्या नोंदीत माझे नाव दिसेल. मी तर घरी नातवंडांना खेळवीत असेन. मग मी कसे सिद्ध करणार की तो हात माझा नव्हता, आणि तुम्ही तरी कसे सिद्ध करणार की रक्कम तुम्ही बरोबर भरली होती?" त्यावर त्यांनी लगेच अर्ज लिहायला घेतला.

धनादेशावर लिपिकाची सही कधीच नसते. ती अध्यक्ष, सरचिटणीस व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांची. मग लिपिक बदलताना बँकेत ठराव का, असे वाटेल. लिपिकासाठी ठराव नेटबँकिंगपुरताच आहे. परंतु यंदा खजिनदारही बदलले आहेत, म्हणून एकाच बैठकीत दोन स्वतंत्र ठराव केले आहेत. ठराव कसा असावा, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम शिकून घ्यावे. "नव्या खजिनदारांना सहीचा अधिकार देण्यात येत आहे" एवढेच लिहिले तर तो अर्धा ठराव. खात्याचा क्रमांक व शाखा लिहावी. कोणाचा अधिकार कोणत्या तारखेपासून संपला, हे आधी लिहावे. मग नवे नाव, आणि दोघांच्या सहीची पद्धत पूर्वीप्रमाणेच राहील हे वाक्य. शेवटी, त्या तारखेपूर्वी जुन्या सहीने दिलेले धनादेश वटवावेत की नाही, हे स्पष्ट लिहावे. हे शेवटचे वाक्य राहिले, तर बँकेतला अधिकारी असे धनादेश परत पाठवू शकतो, आणि धनादेश मिळालेल्या विद्यार्थ्याला वाटते की संस्थेकडे पैसेच नाहीत. ठरावाच्या प्रमाणित प्रतीबरोबर नव्या खजिनदारांचे ओळखपत्र, पत्ता, छायाचित्र आणि सहीचा नमुना द्यावा लागतो. काही शाखा धर्मादाय कार्यालयातील नोंदीचा उताराही मागतात. बदल अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज दाखल केल्याची पोच जवळ ठेवावी आणि शाखेला ती चालते का, हे आधीच विचारावे.

धनादेश पुस्तिका पन्नास पानांची आहे. ३१ पाने वापरली, त्यांपैकी दोन रद्द, १९ शिल्लक. रद्द पाने स्थळप्रतीला टाचलेली आहेत. कोऱ्या पानावर आगाऊ केलेली एकही सही नाही, हे नव्या खजिनदारांनी स्वतः पाने उलटून पाहिले. त्यांना मी पाहायला लावले, असे म्हटले तरी चालेल.

राहता राहिला पैशाचा मेळ. केवळ पासबुकातील शिल्लक दाखवून चार्ज देता येत नाही. विद्यार्थी साहाय्य निधीच्या पासबुकात चार्ज यादी केली त्या दिवशी १,८४,६२० रुपये शिल्लक होते. आपण दिलेले पण अजून न वटलेले तीन धनादेश होते, त्यांची बेरीज १२,४०० रुपये. आणि एका देणगीदाराचा आपण भरलेला ५,००० रुपयांचा धनादेश अजून जमा व्हायचा होता. पासबुकातून १२,४०० वजा केले, ५,००० मिळविले, की १,७७,२२० येतात, आणि किर्दीत नेमकी तीच शिल्लक होती. मेळ बसला. पण मी ताईंना म्हटले, "थांबा, ते तीन धनादेश कोणत्या तारखांचे आहेत ते पाहा." दोन मे महिन्यातले होते. तिसरा २,४०० रुपयांचा, जानेवारीतला. धनादेश तारखेपासून तीन महिनेच चालतो, २०१२ पूर्वी तो सहा महिने चालत असे. म्हणजे तो धनादेश केव्हाच निर्जीव झाला होता. आकड्यांचा मेळ बसत होता, पण एका मुलीपर्यंत तिच्या फीचे पैसे पोचलेच नव्हते.

ताईंनी त्या मुलीच्या घरी फोन लावला. तिच्या नावाचे बँक खाते नव्हते, वडिलांच्या खात्यात तो भरता आला नाही, आणि पुन्हा मागायला ती संकोचली. आता तिचे खाते उघडले आहे. जुना धनादेश किर्दीत उलट नोंदीने रद्द केला, त्यामुळे किर्दीची शिल्लक १,७९,६२० झाली. नवा धनादेश दिला की ती पुन्हा १,७७,२२० वर येईल. हा नवा धनादेश ताईंनी तयार केलेला पहिला धनादेश असेल.

फोनवरच्या ओटीपीबद्दल एक सांगायचे राहिले. खजिनदार बाहेरगावी असले की ते कार्यालयात फोन करून ओटीपी विचारतात. त्यांना सांगण्यापूर्वी संदेश पूर्ण वाचायचा. तो खाते उघडण्यासाठी आहे की रक्कम पाठविण्यासाठी, आणि रक्कम किती, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. जे ते म्हणतात, तेच संदेशात नसेल तर सांगायचे नाही. आणि बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तर कधीच नाही, मग तो आपल्या खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर का सांगेना.

जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही दोघे एकाच टेबलावर बसत आहोत. ताई करतात, मी पाहतो. प्रत्येक खाते त्यांनी स्वतःच्या हाताने एकदा उघडून बंद केले की त्या नोंदीपुढे आम्ही दोघे सही करतो. आजपर्यंत आठ नोंदींपुढे सह्या झाल्या आहेत. दोन बचत खाती बँकेच्या पत्राची वाट पाहत आहेत, आणि वीज मीटरच्या नोंदीवरचा मोबाईल क्रमांक बदलायचा आहे, त्यासाठी ताई सोमवारी जाणार आहेत.

जयभीम.